मुद्रित ऑनलाइन पाठ गैरहजर मुलांना देण्यापूर्वी : नावे व संदेश कसे वगळावेत

प्रास्ताविक

पाठ ऑनलाइन घेतला जातो तेव्हा वर्गातील काही मुले त्या वेळी हजर राहू शकत नाहीत. कोणाच्या घरचा मोबाईल वडिलांबरोबर शेतावर गेलेला असतो, तर कोणाच्या वाडीत त्या दिवशी रेंज नसते. अशा मुलांसाठी पाठाची चित्रफीत तयार करून ती पालकांच्या व्हॉट्सॲप गटावर टाकण्याची पद्धत आता बहुतेक शाळांत रूढ झाली आहे. ही पद्धत उपयुक्त आहे. परंतु त्या चित्रफितीत पाठाबरोबर हजर मुलांची नावे व त्यांनी लिहिलेले संदेशही जातात, ही गोष्ट पुष्कळदा ध्यानात येत नाही. वर्गात बोललेले वर्गात विरून जाते. मुद्रित झालेले मात्र गावात फिरते, आणि एकदा दहा मोबाईलांत उतरून घेतले गेले म्हणजे परत मागविता येत नाही.

प्रस्तुत पाठात एकाच प्रसंगाच्या आधारे हे काम कसे करावे, ते कोठे फसते व ते पुरे झाले हे कसे ओळखावे, याचे विवेचन केले आहे.

प्रसंग

एका दुशिक्षकी शाळेतील गुरुजींनी इयत्ता पाचवीचा अपूर्णांकांचा पाठ गूगल मीटवर घेतला. पटावर २४ मुले होती. त्यांपैकी १८ हजर व ६ गैरहजर होती. गूगल मीटच्या विनामूल्य खात्यात मुद्रणाची सोय नसते. म्हणून गुरुजींनी लॅपटॉपचा संपूर्ण पडदाच मुद्रित केला. चित्रफीत ३८ मिनिटांची झाली.

पडद्यावर डाव्या बाजूस फळ्याच्या जागी गुरुजींचे पान होते, उजव्या बाजूस मुलांच्या चौकटी व त्यांखाली चॅटचा रकाना होता. प्रश्न असा होता : ३/५ मोठा की ३/४ ? चॅटमध्ये उत्तरे येऊ लागली. एका मुलाने ३/५ मोठा असे लिहिले, कारण ५ हा ४ पेक्षा मोठा आहे. त्याखाली दुसऱ्याने त्याची टर उडविणारे वाक्य लिहिले. काही वेळाने एका मुलीने लिहिले, “गुरुजी, उद्यापासून मी येणार नाही, घरी भांडण झालंय, आईनं मामाकडं न्यायचं ठरवलंय.” गुरुजींनी तो संदेश नकळत मोठ्याने वाचला, मग थांबून “बरं, आपण नंतर बोलू” असे म्हटले व पाठ पुढे नेला.

ही चित्रफीत जशीच्या तशी गटावर गेली असती, तर सहा मुलांना अपूर्णांक मिळाले असते आणि साऱ्या गावाला त्या घरातील भांडण कळले असते. मुलीने ते गुरुजींवर विश्वास ठेवून लिहिले होते. तो विश्वास राखण्याचे काम गुरुजींचे होते.

ओळख कोठे कोठे राहते

नावे झाकावयाची म्हटले की शिक्षकांचे लक्ष प्रथम चौकटींखालील नावांकडे जाते. पण ओळख तेवढ्याच जागी नसते. वरील चित्रफितीत ती पाच ठिकाणी होती.

पहिले ठिकाण म्हणजे मुलांच्या चौकटी. येथे एक गोष्ट विशेष आहे. मूल पालकाच्या मोबाईलवरून येते, म्हणून चौकटीत मुलाचे नाव न दिसता वडिलांचे किंवा आईचे संपूर्ण नाव दिसते. कॅमेरा बंद असला तरी नाव तेथेच राहते. दुसरे ठिकाण म्हणजे चॅटचा रकाना. त्यात प्रत्येक संदेशावर लिहिणाऱ्याचे नाव असते. तिसरे ठिकाण चटकन दिसत नाही : रकाना मिटलेला असताना नवा संदेश आला की तो क्षणभर पानावर तरंगतो व जातो. चौथे ठिकाण म्हणजे पडद्याची वरची पट्टी. तेथील पत्त्यात वर्गाचा सांकेतिक क्रमांक असतो; तोच दुवा रोज वापरला जात असेल, तर तो पाहून परकी व्यक्तीही वर्गात येण्याचा प्रयत्न करू शकते. पाचवे ठिकाण म्हणजे आवाज. हजेरी घेताना, प्रश्न विचारताना व संदेश वाचताना नावे बोलली जातात. चित्रातील सर्व अक्षरे पुसली आणि आवाज तसाच ठेवला, तर काम अर्धेच झाले असे समजावे.

झूमवर पाठ घेणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. झूमने लॅपटॉपवर केलेल्या मुद्रणाबरोबर चॅटची वेगळी फाईल, बहुधा chat.txt या नावाने, त्याच फोल्डरमध्ये तयार होऊ शकते. तीत सर्वांसाठीचे संदेश तर असतातच, शिवाय मुलांनी केवळ शिक्षकांना लिहिलेले खाजगी संदेशही असतात. संपूर्ण फोल्डर कोणाला पाठविणे म्हणजे हे सारे हवाली करणे होय.

धूसर करणे, झाकणे व कापणे

नाव लपविण्याच्या तीन रीती आहेत. त्यांतील भेद समजून घेतला पाहिजे.

धूसर करणे ही रीत दिसण्यास सुबक, परंतु या कामी कच्ची आहे. अनोळखी माणसाला धूसर नाव वाचता येणार नाही. पण ही चित्रफीत पाहणारे अनोळखी नाहीत. त्यांना वर्गातील २४ मुले ठाऊक आहेत. नाव लांब की आखूड, त्यात दोन शब्द की तीन, आरंभी वेलांटी आहे की नाही, एवढ्यावरून २४ नावांतील एक हुडकणे पाचवीच्या मुलालाही कठीण जात नाही.

झाकणे म्हणजे नावावर भरीव काळी पट्टी बसविणे. ही रीत खात्रीची आहे, मात्र पट्टी योग्य जागी व योग्य वेळी बसली पाहिजे. चौकटी पाठभर जागा बदलतात. जो बोलतो त्याची चौकट पुढे येते. म्हणून पाठभर प्रत्येक नावामागे पट्टी फिरवीत बसणे व्यवहार्य नाही.

कापणे म्हणजे चित्राचा नको असलेला भागच काढून टाकणे. गैरहजर मुलाला फळा हवा आहे. इतर मुलांच्या चौकटी त्याला नको आहेत. फळ्याचे पान तेवढे ठेवून उरलेला पडदा कापला, तर चौकटी, रकाना व वरची पट्टी ही तीनही ठिकाणे एकदमच जातात, आणि पान मोबाईलवर मोठे दिसते हा आणखी एक लाभ होतो. म्हणून नियम असा : आधी कापावे, आणि कापूनही जे उरेल तेवढेच झाकावे.

येथे एक फसगत टाळावी. व्हीएलसीसारख्या चित्रफीत दाखविणाऱ्या साधनात चित्र कापून पाहण्याची सोय आहे. तेथे केवळ दिसणे बदलते, मूळ फाईल बदलत नाही. तीच फाईल पुढे पाठविली तर समोरच्याला पूर्ण पडदा दिसतो.

प्रत्यक्ष कृती

गुरुजींनी हे काम एफएफएमपेग या विनामूल्य साधनाने केले. ते लॅपटॉपवर आधी बसवून घ्यावे लागते. त्यात खिडक्या व बटणे नाहीत. आज्ञा टंकावी लागते. परंतु आज्ञा एकदा वहीत उतरून ठेवली की पुढील पाठांना तीच थोड्या फरकाने चालते. ज्यांना टंकणे नको असेल त्यांना शॉटकट या विनामूल्य साधनातील Crop: Source या सोयीने कापण्याचे काम माऊसने करता येईल.

प्रथम माप घेतले. फाईलवर उजवी कळ दाबून Properties व नंतर Details पाहिले असता Frame width १३६६ व Frame height ७६८ असे आकडे मिळाले. नंतर व्हीएलसीमध्ये चित्र थांबवून Video या यादीतील Take Snapshot ने एक चित्र काढले व ते पेंटमध्ये उघडले. पेंटमध्ये माऊस जेथे नेला जाईल त्या जागेचे दोन आकडे खालच्या पट्टीत दिसतात : पहिला डाव्या कडेपासूनचे अंतर, दुसरा वरच्या कडेपासूनचे. पानाचा डावा वरचा कोपरा २०, ११२ येथे व उजवा खालचा कोपरा ९६०, ६४२ येथे आढळला. म्हणजे पानाची रुंदी ९६० वजा २०, अर्थात ९४०, व उंची ६४२ वजा ११२, अर्थात ५३० झाली. रुंदी व उंची सम संख्येत असावी. विषम आल्यास एकाने कमी करावी.

पहिली ४ मिनिटे १० सेकंद हजेरीत गेली होती. ती गैरहजर मुलांच्या उपयोगाची नव्हती आणि तीत १८ नावे मोठ्याने उच्चारली होती. म्हणून ती काढावयाची ठरली. ४ मिनिटे १० सेकंद म्हणजे २५० सेकंद. ज्या फोल्डरमध्ये फाईल होती त्याच्या पत्त्याच्या जागी cmd असे टंकून एंटर दाबताच आज्ञेची काळी खिडकी उघडली. तीत पुढील आज्ञा दिली :

```
ffmpeg -ss 250 -i varg.mp4 -vf "crop=940:530:20:112" purva.mp4
```

येथे crop नंतर रुंदी, उंची, डावीकडील अंतर व वरील अंतर हा क्रम आहे. क्रम चुकल्यास भलताच तुकडा हाती येतो, म्हणून तो पाठच करावा. मूळ varg.mp4 तशीच राहते व नवी purva.mp4 तयार होते.

काही जण वेळ वाचविण्यासाठी या आज्ञेत -c copy हे शब्द घालतात. तसे करता येणार नाही. चित्र कापावयाचे तर ते नव्याने घडवावेच लागते. केवळ आरंभ तोडावयाचा असतानाही ही सवलत घेऊ नये, कारण तीत चित्र नव्याने न घडता जुनेच उचलले जाते, आणि तोडलेल्या जागेच्या मागील काही भाग न दिसता फाईलमध्ये राहू शकतो. हजेरीतील शेवटची नावे अशा रीतीने मागे राहण्याचा संभव असतो. काम सावकाश झाले तरी चालेल.

उरलेले झाकणे

आता purva.mp4 पाहिली असता चौकटी व रकाना नाहीसे झाले होते. परंतु मूळ चित्रफितीत २१ मिनिटे ५ सेकंदांपासून २१ मिनिटे १३ सेकंदांपर्यंत गुरुजींनी चॅटचा रकाना मिटला होता, आणि तेवढ्यात एक संदेश नावासह पानाच्या उजव्या खालच्या कोपऱ्यावर तरंगून गेला होता. तो कापलेल्या चित्रातही होता. तसेच २७ मिनिटे २० सेकंदांस मुलीचा संदेश वाचलेला ऐकू येत होता.

येथे गणिताची एक पायरी आहे व तीच बहुधा चुकते. नव्या फितीतून आरंभीचे २५० सेकंद गेले आहेत, म्हणून मूळ वेळेतून २५० वजा केले पाहिजेत. २१ मिनिटे ५ सेकंद म्हणजे १२६५. वजा २५०, उरले १०१५. शेवट १२७३ वजा २५०, म्हणजे १०२३. दोन्ही बाजूंस दोन सेकंदांची सैल जागा ठेवून पट्टी १०१३ ते १०२५ अशी धरली. संदेश वाचला ती वेळ १६४० वजा २५०, म्हणजे १३९०. तेथून सहा सेकंद आवाज बंद करावयाचा.

जागेचेही तसेच. मूळ चित्रात संदेश डावीकडून ६६० व वरून ५२२ येथे होता. डावीकडून २० व वरून ११२ कापले गेल्यामुळे नवी जागा ६४० व ४१० झाली. संदेशाची रुंदी ३०० व उंची १२० होती. त्यावरून दुसरी आज्ञा अशी दिली :

```
ffmpeg -i purva.mp4 -vf "drawbox=x=640:y=410:w=300:h=120:color=black:t=fill:enable='between(t,1013,1025)'" -af "volume=0:enable='between(t,1390,1396)'" tayar.mp4
```

यातील fill हा शब्द गाळू नये. तो नसल्यास भरीव पट्टी न पडता नुसती काळी चौकट उमटते आणि नाव मध्ये ठळक दिसत राहते. किंबहुना चौकटीमुळे पाहणाऱ्याचे लक्ष तिकडेच जाते.

तपासणी

तयार फीत तीन वेळा तपासावी. पहिल्या वेळी आवाज पूर्ण बंद करून केवळ पाहावे. कान रिकामे असले म्हणजे डोळ्यांना कोपऱ्यातील अक्षरे दिसतात. ही पाहणी दुप्पट वेगाने चालेल, पण पट्टीच्या आधीचे व नंतरचे काही सेकंद संथ वेगाने पाहावेत. दुसऱ्या वेळी पडद्याकडे न पाहता केवळ ऐकावे व प्रत्येक उच्चारलेल्या नावाची वेळ टिपावी. गुरुजींना दुसऱ्या ऐकण्यात आणखी दोन नावे सापडली. “शाब्बास” या शब्दापुढे नाव सहज येऊन गेले होते. तिसरी तपासणी शाळेतील दुसऱ्या शिक्षकांनी करावी. त्यांना मुले ठाऊक असतात, म्हणून परक्या माणसाच्या लक्षात न येणारी खूणही त्यांना ओळखता येते.

शेवटी फाईलचे नाव पाहावे, त्यात मुलाचे नाव अथवा वर्गाचा दुवा नसावा. आणि ज्या फोल्डरमधून फीत पाठवावयाची, तेथे tayar.mp4 हीच एक फाईल ठेवावी. घाईत varg.mp4 निवडली जाणे ही या कामातील सर्वांत सामान्य व सर्वांत महाग चूक आहे. मूळ व मधली फाईल पुढे लागणार नसेल तर पुसून टाकावी व रिसायकल बिनही रिकामी करावी.

मर्यादा

नाव काढले तरी आवाज उरतो. लहान गावात मुलाचा आवाज हीच त्याची ओळख असते. शाबासकीबरोबर आवाज गेला तर बहुधा तक्रार नसते. परंतु चुकलेले उत्तर, अडखळत केलेले वाचन किंवा रडवेला स्वर असेल तेथे आवाज बंद करणेच योग्य. असे प्रसंग पाठभर असतील, तर चित्रफीत देऊच नये. शिक्षकांनी तोच भाग दहा मिनिटांत स्वतः पुन्हा सांगून मुद्रित करावा. दुरुस्तीपेक्षा ते लवकर होते.

दुसरी मर्यादा अध्यापनाची आहे. चॅट कापल्याने मुलांची उत्तरेही जातात, आणि त्यांत शिकण्यासारखे असते. ३/५ मोठा मानण्याची चूक गैरहजर सहाही मुले करण्याचा संभव होता. म्हणून गुरुजींनी फितीबरोबर चार ओळींचे टिपण पाठविले : “या प्रश्नाला वर्गात दोन उत्तरे आली. काहींनी छेद मोठा म्हणून ३/५ मोठा मानला. एक भाकरी पाच जणांत वाटली तर वाटा मोठा की चार जणांत वाटली तर ? तसे तीन वाटे घेऊन पाहा.” चूक राहिली, चूक करणारा गेला.

पुढील पाठाच्या वेळी

वरील सर्व खटपट मुद्रणापूर्वीच्या चार गोष्टींनी पुष्कळ कमी होते. हजेरी मुद्रण सुरू करण्यापूर्वी घ्यावी. मुद्रण सुरू होत आहे, हे मुलांना त्या क्षणी सांगावे, म्हणजे घरचे बोलणे ती पाठानंतर करतील. विंडोज ११ मधील स्निपिंग टूलमध्ये पडद्याचा निवडलेला भागच मुद्रित करण्याची सोय आहे. तेथे केवळ पान निवडावे. आणि पाठ चालू असताना चॅटचा रकाना उघडाच ठेवावा, म्हणजे संदेश त्याच्या जागी येतील, पानावर तरंगणार नाहीत. मोबाईलवरून मुद्रण करणाऱ्यांनी इतर ॲपच्या सूचना तेवढा वेळ बंद ठेवाव्यात, कारण त्याही चित्रात उतरतात.

शिक्षकांनी करून पाहावे

१. स्वतःच्या एका जुन्या मुद्रित पाठाची पहिली दहा मिनिटे घेऊन, ओळख किती ठिकाणी राहिली आहे याची वेळेसह यादी करावी.

२. एका फितीचे पहिले १८० सेकंद काढले आहेत. मूळ फितीत १४ मिनिटे २० सेकंदांस नाव उच्चारले होते. नव्या फितीत ते कितव्या सेकंदास येईल ? (उत्तर : ६८०)

३. शाळेतील दुसऱ्या शिक्षकांशी तयार फितींची अदलाबदल करावी, व ओळखता आलेल्या प्रत्येक मुलामागे तो कोणत्या खुणेने ओळखता आला हे लिहावे.